नखावरचा पांढरा ठिपका आणि कॅल्शियमची गोळी

माणिकपूरमधल्या एक ताई परवा बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या तीन नखांवर पांढरे ठिपके होते. शेजारणीने "कॅल्शियम कमी आहे" म्हटलं आणि दोन महिने गोळ्या सुरू होत्या. "डॉक्टर, ठिपके पुढे सरकलेत, म्हणजे गुण येतोय ना?"

नाही. ठिपका सरकतो कारण नख वाढतं. तुम्ही गोळी घ्या किंवा घेऊ नका, हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. मुलीचा एक ठिपका त्वचेच्या कडेपासून ६ मिलिमीटर पुढे होता. म्हणजे दोन-अडीच महिन्यांपूर्वी नखाच्या मुळाशी काहीतरी लागलं होतं. नखं आणि कडेची कातडी कुरतडायची सवय आहे का, असं विचारल्यावर मुलगी हसली. उत्तर मिळालं! श्रेय मात्र गोळीला गेलं.

नख कॅल्शियमचं नसतं, केराटिन या प्रथिनाचं असतं. त्यात कॅल्शियम नगण्य असतं आणि नखाचा कडकपणा त्यावर अवलंबून नसतो. उभ्या बारीक रेषाही बहुतेकदा वयाच्या असतात, केसांच्या पांढरेपणासारख्या. नखं ठिसूळ होऊन थर सुटत असतील तर आधी भांड्यांचा साबण, सतत ओले हात आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांच्याकडे पाहा.

सर्वात जास्त राग मला "केस-नखांच्या" गोळ्यांचा येतो. त्यातल्या अनेकांत सेलेनियम असतं. ते शरीराला अगदी थोडं लागतं आणि जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातल्या गावांत २०२५च्या सुरुवातीला लोकांना टक्कल पडू लागलं आणि काही महिन्यांनी त्यांची नखं विद्रूप होऊन गळू लागली. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. कमतरता समजून अशांना आणखी सेलेनियम दिलं असतं तर?

मग नख काहीच सांगत नाही का? सांगतं, पण वेगळ्या खुणांनी. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा, लोह कमी असू शकतं. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच असेल तर काही आठवड्यांपूर्वीचा मोठा ताप किंवा आजार आठवा. एकाच नखात नवी काळी-तपकिरी उभी पट्टी आली, ती रुंद होऊ लागली किंवा रंग कडेच्या त्वचेवर उतरला, तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

त्या मुलीच्या गोळ्या मी बंद केल्या. पुढच्या वेळी ठिपका दिसला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी पट्टी घ्या, अंतर मोजा आणि तेव्हा बोटाला काय लागलं होतं ते आठवा.