अण्णांच्या पोटाची हकीकत, एका पानावर

पोटविकारतज्ज्ञाची पहिली भेट बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत आटोपते. त्या वेळात डॉक्टरांना कित्येक महिन्यांची हकीकत ऐकायची असते, आणि रुग्ण सांगायला लागतो ते कालच्या रात्रीपासून. "ॲसिडिटी आहे, गॅस धरतो, पोट साफ होत नाही" एवढं सांगून होतं, तोवर तपासणीच्या टेबलावर झोपायची वेळ येते. म्हणून विनंती अशी, की घरातल्या कुणीतरी, बहुधा मुलीनं किंवा सुनेनं, भेटीआधी एक पान लिहावं. निदान डॉक्टर करतील. आपण फक्त काय झालं, कधी झालं आणि तेव्हा कोणतं औषध चालू होतं, एवढंच लिहायचं.

खाली नमुन्याचं एक पत्र देतो. माणसं कल्पित आहेत, पण तक्रारी रोज दवाखान्यात येतात तशाच आहेत.

"माननीय डॉक्टर,

माझे वडील, वय ६४, निवृत्त एसटी चालक, राहणार कराड. हे पत्र त्यांना विचारून, त्यांच्यासमोर बसून लिहिलं आहे.

मुख्य त्रास: पाच महिने दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौच, सहा किलो वजन कमी, थकवा. पूर्वी रोज सकाळी एकदा, घट्ट शौच होत असे.

नोव्हेंबर: गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं. रोज एक, कधी दोन, अनेकदा रिकाम्या पोटी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत घेत होते.
डिसेंबर: छातीच्या खाली जळजळ, जास्त करून रात्री. पॅन्टोप्राझोल ४० सुरू केलं, जळजळ थांबली. गोळी अजून चालू आहे.
जानेवारी: पातळ शौच सुरू झालं. कधी सोबत शेम पडते. आठवड्यातून दोन-तीनदा त्यासाठी रात्री झोपेतून उठावं लागतं. डोळ्यांना रक्त दिसलेलं नाही. याच महिन्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० ऐवजी १००० झालं, दिवसातून दोनदा.
मार्च: घरच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा पहिल्यासारखं.
एप्रिल: जिना चढताना दम लागू लागला. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ९. गेल्या ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन १३.८ होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर शौचाचा रंग काळपट-हिरवा झाला, त्याआधी नव्हता.

वजन: ऑगस्टमध्ये ६८, मेमध्ये ६२, दोन्ही एकाच दवाखान्याच्या काट्यावर. खाणं मुद्दाम कमी केलेलं नाही.
हे नाही: उलटी, गिळताना अडकणं, ताप, कावीळ. रक्त पातळ करणारी गोळी नाही.
इतर: मधुमेह आठ वर्षं. तंबाखू तीस वर्षं, अजून चालू. दारू नाही. त्यांच्या थोरल्या भावाला ५५व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता.
सोबत: ऑगस्ट आणि एप्रिलचे रक्ताचे रिपोर्ट, पोटाची सोनोग्राफी, सर्व गोळ्यांच्या पट्ट्या.

आमचे प्रश्न: रक्त कशामुळे कमी झालं? दुर्बिणीची कोणती तपासणी लागेल? तोवर कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या?"

आता हे पान डॉक्टरांच्या नजरेनं वाचून पाहू.

त्यांची नजर बहुधा आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनवर थांबेल. पुरुषात हिमोग्लोबिन १३च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय समजतात. फेरिटिन कमी म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. या वयाच्या पुरुषात असं झालं की पहिला संशय येतो तो पचनमार्गातून थोडं थोडं रक्त झिरपत असल्याचा. असं झिरपणारं रक्त शौचात डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून अशा रुग्णाला सहसा वरून जठराची आणि खालून मोठ्या आतड्याची, अशा दोन्ही दुर्बिणीच्या तपासण्या सुचवतात. आता कल्पना करा, मुलीनं नुसतं "थकवा आहे" लिहिलं असतं आणि ऑगस्टचा रिपोर्ट कपाटातच राहिला असता. ९.६ हा आकडा जुना की नवा, हे कळायला मार्ग राहिला नसता. हिमोग्लोबिन आठ महिन्यांत चारपेक्षा जास्त उतरलं, हे कळतं ते दोन तारखा शेजारी ठेवल्यामुळेच.

वजनाचंही तसंच. "बारीक झालेत" यावरून काही ठरत नाही. ६८चे ६२ म्हणजे जवळपास नऊ टक्के झाले. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. घरात जुनं वजन लिहिलेलं नसेल, तर जुन्या केसपेपरवर किंवा रिपोर्टवर सापडतं. तेही नसेल, तर पँटचा पट्टा किती भोकं आत आला ते लिहा.

मग डॉक्टर औषधांकडे वळतील, आणि सगळ्यात उपयोगी पडतो तो पत्रातला हाच भाग. मेटफॉर्मिनचा डोस वाढला की अनेकांना पातळ शौच होतं आणि इथे दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत. पण मेटफॉर्मिननं लोहाचा साठा रिकामा होत नाही. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी जठरात आणि आतड्यात व्रण पडून रक्त जाऊ शकतं, आणि वयस्क माणसात हे फारसं न दुखताही होतं. पॅन्टोप्राझोलनं जळजळ थांबली म्हणजे व्रण नव्हता किंवा भरून आला असं ठरत नाही, कारण या गोळीनं त्रास दबू शकतो. रात्री झोपेतून उठवणारं शौच आणि भावाचा कॅन्सर या गोष्टी मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतात. म्हणजे प्रत्येक कारण हकिकतीचा एकेक तुकडा समजावतं, पूर्ण हकीकत एकानंही सुटत नाही. मुलीनं "मेटफॉर्मिनमुळे होतंय" असा निष्कर्ष लिहिला असता तर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच वळलं असतं. तिनं फक्त महिना लिहिला, तेच योग्य.

लोहाच्या गोळीची नोंदही अशीच मोलाची. लोहानं शौच काळपट-हिरवं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वरच्या पचनमार्गात रक्तस्राव झाला की शौच डांबरासारखं काळं, चकचकीत, चिकट होतं आणि त्याला वेगळीच उग्र दुर्गंधी येते. रंग बदलला तो गोळीआधी की नंतर, हे घरच्यांशिवाय कुणी सांगू शकत नाही. शिवाय कोलोनोस्कोपी ठरली तर साधारण आठवडाभर आधी लोह थांबवायला सांगतात, कारण त्यानं आतड्यात काळा थर राहतो आणि नीट दिसत नाही.

"हे नाही" ही ओळ अनेकजण वगळतात. गिळताना अडकणं, वारंवार उलटी, ताप, कावीळ याबद्दल डॉक्टरांना विचारावंच लागतं. उत्तर नकारार्थी असेल तरी त्यानं काही शक्यता मागे पडतात. लिहिलं नाही तर विचारलं गेलं नाही आणि विचारून नाही निघालं, यातला फरक कळत नाही.

ही माहिती गोळा करणं मात्र अवघड असतं. वडील शौचाबद्दल मुलीशी बोलायला संकोचतात. "अण्णा, पोट कसं आहे?" विचारलं तर "बरंय" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारावं: "अण्णा, काल किती वेळा जावं लागलं? रात्री उठलात का? पाण्यासारखं होतं की नुसतं मऊ?" मुलीशी बोलणं नकोच असेल तर जावयाला, मुलाला विचारू द्या, किंवा कागद त्यांच्याच हाती द्या. तंबाखू, दारू आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ते लपवतील. तिथे रागावलात तर पुढचं काहीच कळणार नाही. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, इसबगोल हेही लिहा, कारण पुष्कळ चूर्णांत सोनामुखीसारखं रेचक असतं. भावाचा आजार पत्रात लिहिणार आहोत, हे त्यांना आधी सांगा. दवाखान्यात पहिल्यांदा ऐकायला मिळू नये.

आत गेल्यावर आधी बोलू द्यायचं ते अण्णांना. पान सुरुवातीलाच डॉक्टरांच्या हातात द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. डॉक्टर सांगतील ते तिच्याच मागे लिहा: कोणती तपासणी, कधी, कोणती गोळी थांबवायची आणि किती दिवस. पत्र लिहिल्यावर, भेटीआधी मनानं कोणतीही गोळी बंद करू नका. हेलिकोबॅक्टर या जंतूची श्वासाची तपासणी असेल तर पॅन्टोप्राझोल दोन आठवडे थांबवायला सांगतात. पण ते डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन एकदम सोडलं तर साखर चढते. हृदयात स्टेंट असलेल्यानं रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मर्जीनं सोडणं तर जिवावर बेतू शकतं. वेदनाशामकाचं उलटं आहे: गुडघे दुखले तरी भेट होईपर्यंत मेडिकलमधून नवी पट्टी आणू नका, घरच्या डॉक्टरांना विचारा.

आणि काही वेळा पत्राची, तारखेची वाट पाहायचीच नसते. रक्ताची उलटी, डांबरासारखं शौच, शौचातून भरपूर रक्त, उभं राहताच चक्कर किंवा घाम, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, सहन न होणारी पोटदुखी, यांतलं काहीही झालं तर त्याच वेळी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. पान तयार असेल तर तेही सोबत घ्या. तिथल्या डॉक्टरांनाही पहिला प्रश्न हाच पडणार आहे, की यांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत.