‘पे’ दाबलं, पिन टाकला, तरी ऑर्डर नाही: ग्राहक नेमका कुठे गळतो?

ऑनलाइन दुकानदाराला विचारा, की बाबा, कार्ट भरून लोक का जातात? उत्तर ठरलेलं असतं: “लोक नुसतं बघतात, घेत नाहीत.” अर्धं उत्तर बरोबर आहे. ‘बेमार्ड इन्स्टिट्यूट’ ही संस्था कित्येक वर्षं याच विषयावरचे अभ्यास गोळा करते आहे आणि त्यांची जगभरातली सरासरी साधारण ७० टक्क्यांची आहे. म्हणजे दहा कार्ट भरल्या तर सात तशाच राहतात. तुमच्या फोनमध्येही आत्ता एखादं टी-शर्ट कार्टमध्ये पडून असेलच. पण या ७० टक्क्यांत दोन अगदी वेगळी माणसं एकत्र मोजली जातात. एक स्वतःहून निघून गेलेला आणि दुसरा पैसे द्यायला तयार असूनही बाहेर फेकला गेलेला. मी छोट्या ऑनलाइन दुकानांच्या ऑर्डरचे तक्ते तपासतो आणि मला या दुसऱ्याबद्दलच बोलायचंय.

आधी फनेल म्हणजे काय ते पाहू. फनेल म्हणजे नरसाळं. वरून बरेच लोक येतात, खाली थोडेच पोचतात. कार्ट, मग पत्ता, मग पेमेंटचं पान, मग ‘पे’चं बटण आणि शेवटी पैसे जमा. प्रत्येक पायरीवर किती उरले हे मोजायचं, एवढंच. समजण्यासाठी एक कल्पित महिना घेऊ. १००० कार्ट भरल्या. त्यातले ६०० पत्ता टाकायच्या पानावर आले, ४२० पेमेंटच्या पानावर पोचले, ३०० ऑर्डरमध्ये ‘पे’ दाबलं गेलं आणि २२५ ऑर्डरचे पैसे जमा झाले.

हा तक्ता पाहून दुकानदार काय म्हणेल? “पहिल्याच पायरीला ४०० गेले, तिथेच सुधारणा करू.” मग कार्टच्या पानावर ऑफरचे फुगे उडायला लागतात. मला मात्र शेवटची पायरी जास्त टोचते. कार्टमधून गेलेल्या ४०० जणांतले कित्येक नुसते भाव बघायला आले होते. पण ज्या ३०० ऑर्डरमध्ये ‘पे’ दाबलं गेलं, तिथे पत्ता भरून झालाय, डिलिव्हरीचे पैसे धरून एकूण आकडा बघून झालाय, निर्णय झालाय. तिथली ७५ ची गळती ही मनाची नाही, यंत्रणेची आहे. निदान बरीचशी.

आता या ७५ ऑर्डर उघडून बघायच्या. यूपीआय व्यवहार फसला की त्यासोबत एक कोड येतो आणि तो पेमेंट गेटवेच्या तक्त्यात उतरतो. `ZM` म्हणजे पिन चुकला. `Z9` म्हणजे खात्यात तेवढे पैसे नाहीत. `U69` म्हणजे दुकानाने पाठवलेली पैशांची विनंती ग्राहकाने वेळेत मंजूर केली नाही. एनपीसीआय दर महिन्याला बँकांचे आकडे जाहीर करते तेव्हा हीच विभागणी करते. चुकीचा पिन, कमी शिल्लक, मर्यादा ओलांडणं अशी ग्राहकाच्या बाजूची कारणं ‘बिझनेस डिक्लाइन’मध्ये जातात. बँकेची किंवा एनपीसीआयची यंत्रणा बंद पडणं, नेटवर्क तुटणं ही ‘टेक्निकल डिक्लाइन’. दुकानदाराने पहिल्यांदा आपल्या ७५ ऑर्डर या दोन टोपल्यांत टाकाव्यात. कमी शिल्लकवाल्याला १ तारखेनंतर आठवण करून दिली तर तो येईल. पण ज्याची बँकच त्या घडीला बंद होती, त्याला “तुमची कार्ट वाट बघतेय” असा मेसेज पाठवणं म्हणजे जखमेवर मीठ.

इथे एक फसगत हमखास होते. आपण माणसं मोजतोय की ऑर्डर? पेमेंट फसलं की बरेच जण लगेच पुन्हा प्रयत्न करतात आणि काही दुकानांच्या यंत्रणेत त्याची नवीच ऑर्डर तयार होते. समजा, आपल्या ७५ फसलेल्या ऑर्डरचे मोबाइल नंबर जुळवून पाहिले तर ३३ जणांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या ऑर्डरमध्ये पैसे भरलेले निघाले. मग खरे हरवलेले ४२. आणि ‘पे’ दाबणारी माणसं ३०० नव्हेत, २६७. त्यातल्या २२५ जणांचे पैसे जमा झाले, म्हणजे ७५ नाही, ८४ टक्के. दुकान तेच, महिना तोच, फक्त मोजायची पद्धत बदलली. कुणी “आमचं पेमेंट सक्सेस अमुक टक्के” असं सांगितलं, की मी आधी विचारतो: कशाचे टक्के?

आता या ४२ जणांमधला एक आपण घाटनांदूरला बसवू. अंबाजोगाई तालुक्यातलं गाव, परळी ते लातूर रोड रेल्वेमार्गावरचं स्टेशन. तिथला एक पोरगा पुण्यातल्या एका दुकानाकडून ६४९ रुपयांचा हेडफोन मागवतोय. फोन साधा, रॅम कमी, नेटवर्क कधी चार काड्या तर कधी एक. तो ‘पे’ दाबतो तेव्हा दुकानाचं अ‍ॅप पडद्यामागे अशी एक लिंक तयार करतं:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan&am=649.00&cu=INR&tr=ORD1042
```

`pa` म्हणजे पैसे कुणाला जाणार, `am` म्हणजे किती आणि `tr` म्हणजे कोणत्या ऑर्डरचे. या लिंकमुळे फोनमधलं यूपीआय अ‍ॅप थेट उघडतं आणि रक्कम आपोआप भरलेली दिसते. पोरगा पिन टाकतो. बँकेतून पैसे कापले जातात. इथपर्यंत सगळं ठीक.

गडबड परतीच्या वाटेवर होते. कमी रॅमच्या फोनमध्ये यूपीआय अ‍ॅप उघडताना अँड्रॉइड मागचं दुकानाचं अ‍ॅप बंद करून टाकू शकतो. पोरगा परत येतो तेव्हा अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं, कार्ट तशीच भरलेली दिसते, ऑर्डरचा पत्ता नाही. किंवा नेमक्या त्याच क्षणी नेटवर्कची काडी गेली आणि “पैसे भरले” हा निरोप फोनमधून दुकानापर्यंत पोचलाच नाही. पैसे गेले, ऑर्डर नाही. आणि दुकानाच्या फनेलमध्ये मात्र नोंद पडते: ग्राहक पेमेंटच्या पानावरून निघून गेला!

म्हणूनच नीट बांधलेलं दुकान फोनच्या निरोपावर विसंबत नाही. पेमेंट गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो, की ऑर्डर १०४२ चे पैसे आले. याला वेबहुक म्हणतात. घाटनांदूरचं नेटवर्क असो नसो, हा निरोप दोन सर्व्हरच्या मधला आहे, तो पोचतो. दुकानाने तो ऐकायची सोय केली नसेल, किंवा ऐकूनही ऑर्डरची नोंद बदलली नसेल, तर दोष ग्राहकाचा नाही आणि गावाचाही नाही. शिवाय काही पेमेंटचा निकाल बँकेकडून उशिरा येतो. आधी ‘फेल’ दिसलेलं पेमेंट काही वेळाने यशस्वी ठरू शकतं. रेझरपेसारखे गेटवे याला ‘लेट ऑथरायझेशन’ म्हणतात. तोपर्यंत पोराने वैतागून दुसऱ्यांदा पैसे भरलेले असतात.

हे दुकानदाराला कळणार कसं? दोन तक्ते समोरासमोर ठेवायचे. एक दुकानाच्या ऑर्डरचा, दुसरा गेटवेकडे आलेल्या पैशांचा. ऑर्डर नंबरने दोन्ही जुळवायचे. ज्या नंबरचे पैसे आलेत पण ऑर्डर ‘अपूर्ण’ आहे, ती प्रत्येक ओळ म्हणजे दुकानाची स्वतःची चूक. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. आश्चर्य म्हणजे ऑफरचे फुगे उडवणारी मंडळी हे काम सहसा करत नाहीत.

मग गावागावाचा हिशेब वेगळा काढावा का? काढावा, पण जपून. महिन्याभरात घाटनांदूरच्या पिनकोडवरून १२ ऑर्डर आल्या आणि ५ फसल्या, तर “तिथे ४० टक्के पेमेंट फसतात” असं म्हणता येत नाही. दोन ऑर्डर इकडच्या तिकडे झाल्या की आकडा कुठल्या कुठे जातो. तीन-चार महिने एकत्र घ्या, आजूबाजूचे पिनकोड जोडा आणि मग शहराशी तुलना करा. त्याहून चांगलं म्हणजे बँक, फोनचं मॉडेल आणि वेळ यांनुसार फोडून बघा. बऱ्याचदा जो दोष ‘गावाचा’ वाटतो, तो एखाद्या बँकेचा किंवा कमी रॅमच्या फोनचा निघतो आणि तेच फोन शहरातही असतात.

या गोंधळाचा आणखी एक पदर आहे. ऑनलाइन पैसे एकदा अडकले, की माणूस पुढच्या वेळी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडतो. साहजिक आहे. पण तिथे शेवटच्या पानावर जादा शुल्क दिसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी याच जादा शुल्काच्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचं सांगितलं. २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ नियमावलीतल्या १३ प्रकारांमध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’ आहेच, म्हणजे खरी किंमत सुरुवातीला न सांगता शेवटी उघड करणं. ते शुल्क बघून आपला पोरगा कार्ट सोडतो. तक्त्यात कारण पडतं ‘जादा शुल्क’. पण खरी सुरुवात झाली होती मागच्या महिन्यातल्या अडकलेल्या ६४९ रुपयांपासून आणि ते त्या एका महिन्याच्या फनेलमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी तोच मोबाइल नंबर धरून मागच्या ऑर्डरपर्यंत जावं लागतं.

आता राहिले ते अडकलेले पैसे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक इथे कामाला येतं. यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण दुकानाकडे त्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आणि तीही ग्राहकाने मागणी न करता. म्हणून असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा ‘पे’ दाबू नका. आधी यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत व्यवहार ‘पेंडिंग’ आहे की ‘सक्सेस’ ते बघा. तिथला १२ आकडी यूटीआर नंबर कॉपी करून ठेवा आणि दुकानाला स्क्रीनशॉटऐवजी तो नंबर पाठवा, कारण त्यांच्या तक्त्यात शोधता येतो तो नंबर. ‘सक्सेस’ असेल तर पैसे दुकानाच्या बाजूला पोचलेत, मग ऑर्डर किंवा परतावा त्यांच्याकडूनच मागायचा. ‘पेंडिंग’ राहिलं तर यूपीआय अ‍ॅपमधूनच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि पाच दिवस मोजायला लागा.