टक्केवारी हा पुरावा नव्हे

एका महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागप्रमुखांनी सत्राच्या तोंडावर एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पाठवलेले पत्र राज्यातल्या प्रत्येक विभागाने वाचावे असे आहे. चॅटजीपीटीसारखी साधने विषय समजून घेण्यासाठी आणि भाषा तपासण्यासाठी वापरता येतील, पण ती कुठे वापरली हे प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळींत लिहावे लागेल. मांडणी आणि निष्कर्ष मात्र स्वतःचेच हवेत, असे त्यात म्हटले आहे. असे नियम आता बऱ्याच ठिकाणी होत आहेत. या पत्राचे वेगळेपण पुढच्या वाक्यात आहे. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या टक्केवारीवरून कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत.

हे स्पष्ट लिहिण्याची गरज होती. यूजीसीच्या 2018 च्या नियमांमुळे आपल्या महाविद्यालयांना टक्केवारीची सवय लागली आहे. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे चढत्या पायऱ्या. पण तिथे उचललेला मजकूर आणि त्याचा मूळ स्रोत शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतो. एआय ओळखणाऱ्या साधनाकडे दाखवायला असा मूळ मजकूर नसतोच. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, यावरून ते अंदाज बांधते. खुद्द ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये असे साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राचा केवळ 26 टक्के मजकूर ओळखला आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते मागे घेतले.

याहून बरे साधन मिळाले असे धरू. वर्गातून 200 प्रकल्प आले आणि त्यातले 20 खरोखर यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत. साधनाने त्यातले 16 पकडले. उरलेल्या 180 प्रामाणिक प्रकल्पांत त्याची चूक फक्त 5 टक्के आहे, म्हणजे 9 प्रकल्प. प्राध्यापकांच्या टेबलावर 25 संशयित येतात आणि त्यातल्या 9 जणांनी काहीही केलेले नसते. ऐकायला किरकोळ वाटणारी चूक संशयितांच्या यादीत एक तृतीयांशाहून मोठी होते, कारण प्रामाणिक विद्यार्थ्यांची संख्याच मुळात मोठी असते.

हे नऊ जण कोण असतील? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात साधनांना टोफेल परीक्षेतले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 निबंध दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुखरूप सुटले. मग संशोधकांनी चॅटजीपीटीकडूनच टोफेलच्या निबंधांतली शब्दयोजना समृद्ध करून घेतली, तेव्हा चुकीचा शिक्का बसण्याचे प्रमाण एकदम घसरले. मराठी माध्यमातून आलेली, मोजक्या शब्दांत जपून इंग्रजी लिहिणारी मुलगी इथे सर्वांत आधी अडकू शकते, आणि यंत्राकडून सफाईदार भाषा करून घेणारा निसटू शकतो. आपल्या विद्यापीठांच्या दृष्टीने ही बाब सर्वांत गंभीर आहे.

मग पुरावा कशाला म्हणायचे? पत्रातला क्रम योग्य आहे. शंका कोणत्या परिच्छेदांबद्दल आहे आणि का, हे प्राध्यापक आधी लेखी कळवतील. विद्यार्थी टिपणे, कच्चे खर्डे, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास घेऊन येईल. त्यानंतर त्याच्याच प्रकल्पावर वीस मिनिटे बोलणे होईल. हा निर्देशांक का निवडला, तक्ता कुठून घेतला, हे ज्याने काम केले त्याला अडखळत का होईना सांगता येते. संदर्भयादीतला लेख अस्तित्वातच नसेल, तर ती बाब कोणालाही पडताळता येते. खोट्या संदर्भाची जबाबदारी, तो कोठूनही आला असला, तरी विद्यार्थ्याचीच.

या क्रमातही दोन उणिवा आहेत. खर्डे नसणे हा विरोधात पुरावा धरला जाणार नाही, हे पत्रात कुठेच नाही. वसतिगृहात कागदावर लिहून सायबर कॅफेत एका बैठकीत टंकलेखन करणाऱ्याच्या फाइलला इतिहास नसतो. उलट यंत्राचा मजकूर पाहून पाहून हळूहळू टाइप करणाऱ्याकडे भरपूर इतिहास असतो. तोंडी चर्चेतही घाबरलेला विद्यार्थी गप्प बसतो, म्हणून ती त्याला सोयीच्या भाषेत, मराठीतही, झाली पाहिजे.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. शंका घेणारे प्राध्यापकच निर्णय देणार असतील, तर लेखी कारणांना फारसा अर्थ उरत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या तक्रारींसाठी विभागीय पातळीवरच्या समितीची तरतूद आहे. ही प्रकरणेही तशाच समितीपुढे जावीत, तक्रार करणारे प्राध्यापक तिच्यात नसावेत, आणि निकालाविरुद्ध दाद कुठे मागायची हे विद्यार्थ्याला नोटिशीतच कळावे. पहिले प्रकल्प जमा होण्याआधी विभागप्रमुखांनी एक पुरवणी पत्र काढून हे जाहीर करावे.