शिवणकला : कागदी नमुन्याच्या खुणा

ज्या घरात जुने पोलके कापडावर पसरून त्याच्या मापाने नवे बेतण्याचा परिपाठ आहे, त्या घरी विकतचा कागदी नमुना प्रथम उघडला म्हणजे गृहिणी गोंधळून जाते. पातळ कागदावर बाण, त्रिकोण, ठिपके आणि तुटक रेषा यांचे जाळे असते, आणि सूचना इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये असतात. परंतु या खुणांपैकी तीन नीट समजल्या तर पहिलेच कापड वाया जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही. उदाहरणादाखल पुढे बटणे असलेले, अर्ध्या बाहीचे साधे पोलके घेऊ. त्याचे मुख्य भाग तीन : पुढा, पाठ आणि बाही.

पहिली खूण म्हणजे दोन्ही टोकांना बाण असलेली लांब सरळ रेषा. फ्रेंच सूचनांत हिलाच ‘द्रुआ फील’ म्हणतात. ही रेषा कापडाच्या उभ्या धाग्याशी, म्हणजेच काठाशी, समांतर राहिली पाहिजे. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे ते शिवल्यावर आटत नाही. मग काठावर काठ ठेवून त्याची उभी घडी घालावी. पुढ्याचा कागद त्यावर ठेवून बाणाच्या एका टोकाशी टाचणी लावावी आणि तेथून काठापर्यंतचे अंतर मोजावे. ते १२ सें.मी. भरले आणि दुसऱ्या टोकाशी १३ भरले, तर पहिली टाचणी न काढता कागद किंचित फिरवावा आणि दोन्ही अंतरे सारखी झाल्यावरच बाकीच्या टाचण्या लावाव्यात. नजरेच्या अंदाजावर येथे विसंबू नये. धागा तिरका गेलेले पोलके शिवताना ठीक दिसते. परंतु एकदोन धुण्यांनंतर त्याची कडेची शिवण फिरून पोटाकडे येऊ लागते. हा दोष मग उसवूनही जात नाही.

दुसरी खूण घडीची. पाठीचा कागद अर्धाच असतो, आणि त्याच्या सरळ कडेजवळ दोन्ही टोके कडेकडे वळलेला बाण असतो. याचा अर्थ असा की ती कड कापडाच्या घडीला नेमकी भिडवावी आणि तेथे कात्री मुळीच लावू नये. उलगडल्यावर अखंड पाठ मिळते. घडी उभ्या धाग्यावरच असल्यामुळे या भागाला धाग्याची निराळी रेषा लागत नाही. मात्र कागद घडीपासून १ सें.मी. दूर राहिला तर पाठ २ सें.मी. रुंद होते. घडीऐवजी मोकळ्या काठांकडे ठेवला तर पाठीचे दोन तुकडे होतात, आणि ते जोडताना प्रत्येकी १.५ सें.मी. माया धरली तर पाठ ३ सें.मी. अरुंद होते. भागाच्या आतल्या बाजूस ‘घडी’ असे लिहिलेली रेषा मात्र निराळी. ती शिवताना दुमडण्यासाठी असते.

तिसरी खूण कापण्याच्या रेषेवरील त्रिकोणांची. मुंढ्यावर आणि बाहीवर सामान्यतः एक त्रिकोण पुढची बाजू दाखवितो आणि दोन त्रिकोण मागची. एकाला एक आणि दोहोंना दोन जुळवले की डावी बाही उजवीकडे लागत नाही. त्रिकोण बाहेरच्या बाजूस कापावेत, किंवा मायेतच ३ मि.मी.चा छेद द्यावा. खोल छेद शिवणीपलीकडे गेल्यास तेथे भोक पडते. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा लांब भरतो. तो कापण्यातील दोष समजून छाटू नये. त्रिकोणांच्या दरम्यान सैल धावदोरा घालून तो हलकेच गोळा करावयाचा असतो, तरच खांद्याला गोलाई येते.

कात्री उचलण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पाकिटावरील आकडा तयार कपड्यांच्या आकड्याशी जुळत नाही. कित्येक अमेरिकी नमुन्यांत १४ हा आकडा ३६ इंच, म्हणजे ९२ सें.मी. छातीचा असतो. म्हणून अंगाचे माप घेऊनच तक्ता पाहावा. तसेच या नमुन्यांत बहुधा १.५ सें.मी. माया धरलेली असते. परंतु काही युरोपीय मासिकांतील नमुन्यांत ती मुळीच नसते. तेथे कागदाच्या कडेवरच कापल्यास पोलके अंगाला बसत नाही. मायेविषयीची ओळ सूचनापत्रात शोधावी आणि माया धरलेली नसल्यास कागदाभोवती खडूने दुसरी रेषा आखून तीवरच कापावे.