४३११० म्हणजे रत्नागिरी

सकाळी साडेआठला रत्नागिरीच्या वेधशाळेत तापमान, हवेचा दाब, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी होतात. जगभरातल्या वेधशाळा त्याच क्षणी आपापली निरीक्षणे घेतात, कारण हवामानाचा नकाशा एकाच वेळेच्या नोंदींवरून काढावा लागतो. या नोंदी परदेशातल्या संगणकापर्यंत पोचतात तेव्हा त्यांत ‘रत्नागिरी’ हे नाव कुठेच नसते. त्याच्या जागी ४३११० हा आकडा असतो.

या पाच अंकांचे दोन भाग आहेत. पहिले दोन अंक म्हणजे ब्लॉक क्रमांक, अर्थात जागतिक हवामान संघटनेने एखाद्या देशाला किंवा प्रदेशाला नेमून दिलेला गट. उरलेले तीन अंक त्या गटातल्या केंद्राचे. भारताची केंद्रे ४२ आणि ४३ या दोन ब्लॉकांत येतात आणि त्यांची सीमा साधारण २० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. त्यामुळे महाराष्ट्रही दोन्हींत विभागला गेला आहे: नागपूर ४२८६७, तर मुंबईचे सांताक्रूझ ४३००३.

ब्लॉक क्रमांक हा दूरध्वनीच्या देश-क्रमांकासारखा मात्र वाचू नये. ४३ मध्ये श्रीलंका आणि मालदीवही आहेत. कोलंबोचा क्रमांक ४३४६६ आहे. देश ओळखायचा तर पुढचे अंकही पाहावे लागतात.

पुढच्या तीन अंकांतही एक ढोबळ क्रम आहे. क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि प्रत्येक पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. हर्णै ४३१०९, रत्नागिरी ४३११०, महाबळेश्वर ४३१११, सोलापूर ४३११७, हैदराबाद ४३१२८. किनाऱ्यावरून घाट चढून पठारावर जावे, तसे हे आकडे सरकतात.

याच क्रमामुळे एक धोकाही निर्माण होतो. रत्नागिरी आणि महाबळेश्वर यांच्या क्रमांकांत फरक फक्त शेवटच्या एका अंकाचा, पण उंचीत सुमारे तेराशे मीटरचे अंतर. पारंपरिक ‘सिनॉप’ संदेश, म्हणजे पाच-पाच अंकी गटांत लिहिलेला निरीक्षणांचा संदेश, आपण उदाहरणादाखल पाहू. मधले काही गट वगळले आहेत.

```
AAXX 15034 43110 ... 10272 ... 39990 ...
```

१५०३४ म्हणजे महिन्याची १५ तारीख आणि जागतिक वेळेनुसार ०३ वाजता, म्हणजेच आपले साडेआठ. शेवटचा ४ वाऱ्याच्या वेगाचे एकक सांगतो. त्यानंतर केंद्राचा क्रमांक. १०२७२ मधला पहिला १ तापमानाचा गट दाखवतो, त्यापुढचे शून्य तापमान उणे नसल्याचे, आणि २७२ म्हणजे २७.२ अंश सेल्सिअस. ३९९९० हा केंद्राच्या पातळीवरचा हवेचा दाब, ९९९.० हेक्टोपास्कल.

आता टंकताना ४३११० चे ४३१११ झाले, तर संदेश दिसायला निर्दोषच राहतो. संगणक मात्र ही निरीक्षणे महाबळेश्वरच्या माथ्यावर नेऊन ठेवतो. चूक पकडून देतो तो दाब. महाबळेश्वरच्या उंचीवर तो ८६५च्या आसपास असायला हवा. तिथे ९९९ दिसला की तपासणीत नोंद बाजूला पडते. पण हीच गल्लत रत्नागिरी आणि हर्णै यांच्यात झाली, तर दोन्ही केंद्रे समुद्रकाठची असल्याने दाब जवळजवळ सारखाच निघतो. अशी चूक निसटण्याची शक्यता बरीच जास्त.

या पद्धतीची दुसरी मर्यादा तीन अंकांतच आहे. ००० ते ९९९ म्हणजे एका ब्लॉकात जास्तीत जास्त हजार केंद्रे, आणि ४३ तर शेजारी देशांबरोबर वाटून घेतलेला. स्वयंचलित केंद्रे वाढत गेली, तशी ही जागा अपुरी पडू लागली. म्हणून जागतिक हवामान संघटनेने चार भागांची नवी ओळख आणली. तीत रत्नागिरी अशी दिसते:

```
0-20000-0-43110
```

२०००० हा भाग सांगतो की पुढे जुना पाच अंकी क्रमांकच आहे. त्याच जागी देशाचा अंकी संकेत, भारतासाठी ३५६, वापरून देशाला नवी केंद्रे स्वतः नोंदवता येतात आणि हजाराची मर्यादा उरत नाही.

कोकणासाठी ही सोय महत्त्वाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. वाशिष्ठीच्या खोऱ्यात घाटमाथ्यावर किती पाऊस कोसळतो, हे किनाऱ्यावरच्या रत्नागिरी आणि हर्णैच्या आकड्यांवरून कळत नाही. घाटातल्या आणि मंडळांच्या पातळीवरच्या पर्जन्यमापकांनाही अशी ओळख मिळाली पाहिजे, असे आमचे मत आहे. त्यासाठी प्रत्येक केंद्राचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधी अचूक नोंदवावी लागेल, कारण महाबळेश्वरच्या नावावर गेलेली नोंद ओळखता येते ती महाबळेश्वरची उंची यादीत बरोबर लिहिलेली असते म्हणूनच.