ताईचा पगार कुणाचा?

घरात मृत्युपत्राचा विषय काढून बघा. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ असं तरी ऐकायला मिळेल, नाहीतर ‘आपल्याकडं आहेच काय एवढं?’ असं. पण मृत्युपत्र नसलं, तरी वाटणी थांबत नाही. कुणाला किती मिळणार हे कायद्यानं आधीच लिहून ठेवलंय. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांसाठी तो १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आहे. (मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी घरांचे नियम वेगळे आहेत, गोव्याचेही वेगळे.) आणि या कायद्यात मुलाला एक नियम आहे आणि मुलीला दुसरा.

एक हिशेब करू. उदाहरण जरा कठोर आहे, पण त्याशिवाय हा नियम कळत नाही. समजा, तुमच्या दादानं स्वतःच्या पगारातून २४ लाखांची एफडी केली आणि मृत्युपत्र न करता तो गेला. मागं आई, बाबा, वहिनी आणि एक छोटी मुलगी. कायदा आधी पहिल्या वर्गातले वारस बघतो, म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. त्यामुळं वहिनीला ८ लाख, मुलीला ८ लाख आणि आईला ८ लाख. बाबांना काहीच नाही, कारण वडील दुसऱ्या वर्गात येतात आणि पहिल्या वर्गात एक जण जरी असला, तरी त्यांचा नंबर लागत नाही.

एफडीला नॉमिनी बाबा असले तर? तरीही हिशेब तोच. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण तो ते वारसांच्या वतीनं घेतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आता तेवढीच एफडी ताईची धरा. ताईचं लग्न झालंय, मूल नाही आणि जिजाजी आधीच गेलेत. तिच्यामागं तिचे आई-बाबा आहेत आणि सासू आहे. अख्खे २४ लाख सासूला मिळतात. ज्यांनी तिच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, त्या आई-बाबांना एक रुपयाही नाही. कारण कलम १५ मध्ये क्रम असा आहे: आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर आई-वडील. सासू नसती, तर सासरे, दीर, नणंद यांचा विचारही आई-बाबांच्या आधी झाला असता.

याला एक अपवाद आहे. ताईला आई किंवा वडिलांकडून वारशानं काही मिळालं असेल आणि तिला मुलं-नातवंडं नसतील, तर ते वडिलांच्या वारसांकडं परत जातं. पण हे फक्त वारशापुरतं. तिनं स्वतः कमावलेल्या पैशाला हा अपवाद लागू नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. लग्नानंतर तीन महिन्यांतच एका मुलीचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली आणि चाळीस वर्षांनी मृत्युपत्र न करता गेली. तिच्या पैशांवर एकीकडं तिच्या आईनं दावा केला आणि दुसरीकडं नणंदेच्या मुलांनी. पैसे नणंदेच्या मुलांना मिळाले. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. कायदा आयोगानं २००८ मध्येच २०७ व्या अहवालात या कलमात बदल सुचवला होता.

कुणी म्हणेल, लग्नानंतर सासर हेच तिचं घर. ठीक आहे, मग दादाच्या पैशात त्याच्या सासूबाईंचा वाटा कुठंय? बाईकडं जे काही असेल ते वडिलांकडून नाहीतर सासरहून आलेलं असणार, असं धरून हे कलम लिहिल्यासारखं वाटतं. ती स्वतः पगार कमावेल हे त्यात कुठंच नाही. त्यामुळं मुलीनं कमावलेल्या पैशाला मुलाचाच नियम लावावा, असं माझं मत आहे.

तो बदल होईपर्यंत उपाय आपल्याच हातात आहे. अठरा पूर्ण झाले की मृत्युपत्र करता येतं. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार घेऊ नका, म्हणजे पुढं कुणी शंका काढणार नाही.

नोकरी करणारी ताई घरात असेल, तर आज जेवताना तिला हे कलम सांगा. ‘शुभ बोल’ म्हणणाऱ्या आईलाही ऐकू द्या. प्रश्न तिच्याच वाट्याचा आहे.