‘आम्ही’ की ‘आपण’? दंड नेमका कोण भरणार?

‘आम्ही दंड भरू’ आणि ‘आपण दंड भरू’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच ‘वुई’, हिंदीत एकच ‘हम’. मराठीत मात्र पहिल्या वाक्यात ऐकणारा सुटतो, दुसऱ्यात तोही अडकतो. तमिळमध्येही असाच फरक आहे: ‘नांगळ्’ म्हणजे आम्ही, ‘नाम्’ म्हणजे आपण. मराठी शिकणारा हिंदीभाषक इथेच गडबडतो. ‘चला, आम्ही जेवायला बसू’ असं तो म्हणतो आणि पाहुणे ताटकळत राहतात.

मराठीत आणखी एक गुंता आहे. आदरानं ‘तुम्ही’ म्हणायलाही ‘आपण’च वापरतात. एरवी क्रियापद उलगडा करतं: ‘आपण भरतो’ म्हणजे सगळे, ‘आपण भरता’ म्हणजे तुम्ही. पण ‘आपण हप्ता भरला नाही’ या वाक्यात क्रियापद हप्त्याप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही. त्यामुळे हप्ता तुम्ही चुकवला की आपण दोघांनी, हे वाक्यावरून कळत नाही.

म्हणूनच पैशांच्या किंवा जबाबदारीच्या सूचनेत ‘आपण’ टाळावं. ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ लिहावं. ‘तुम्ही’मध्येही आदर आहेच, शिवाय संदिग्धता नाही.